फोटो गेला, मापे उरली: भिंतीतल्या कॉकचा स्पिंडल ओळखताना

आईच्या पुण्यातील फ्लॅटमध्ये शॉवरचा कन्सील्ड कॉक गळू लागला, तेव्हा प्लंबरदादांनी त्याचा आतला पितळी पार्ट, म्हणजे स्पिंडलसकटचे सिरॅमिक कार्ट्रिज, काढून नमुना म्हणून दुकानात दिले आणि जाण्यापूर्वी त्याचा फोटो काढून मला मापांसह पाठवला. काही महिन्यांनी प्रत्यक्ष काम करायची वेळ आली तेव्हा नमुना दुकानातून भंगारात गेलेला होता, प्लंबरदादांचा जुना फोन बिघडून बदलला गेला होता, आणि माझ्या फोनवर फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन उरला होता, ज्यावर बोट ठेवल्यास चित्र पुन्हा मागवा एवढीच सूचना येत होती. त्याखालचा मजकूर मात्र शाबूत होता: "पाऊण इंची कन्सील्ड. इनर पितळी, बाहेरून आटे. दाते २०. पाव फेरा. उंची ५२. बाकी फोटोत बघा."

नवा कॉक बसवणे हा सोपा उपाय नव्हता. कन्सील्ड कॉकची बॉडी भिंतीच्या आत, पाइपला जोडून प्लास्टरमध्ये पुरलेली असते आणि बाहेर फक्त मूठ व भोक झाकणारी फ्लँज दिसतात. ती बदलायची म्हणजे टाइल फोडावी लागते, आणि आईच्या बाथरूममधील टाइल आता बाजारात मिळत नाही. बॉडी चांगली होती, केवळ आतला पार्ट निकामी झाला होता, त्यामुळे तो नेमका ओळखणे हेच खरे काम होते. बॉडीवर किंवा मुठीवर कंपनीचे नाव कुठेही नव्हते, म्हणून नाव सांगून मागण्याचीही सोय नव्हती.

मजकुरातील प्रत्येक शब्द फोटोच्या आधाराने लिहिलेला होता, आणि आधार गेल्यावर त्यातील निम्मे शब्द संदिग्ध झाले. "पाऊण इंची" म्हणजे काय पाऊण इंची? आटे, पाइप की कॉक? "उंची ५२" ही कुठून कुठपर्यंतची? फोटोत कदाचित बोटाने किंवा पट्टीने ते दाखवलेले असेल. पण पार्ट नसला तरी तो ज्या जागेत बसत होता ती जागा भिंतीत होती आणि त्याच्या डोक्यावर बसणारी मूठ घरात होती. कुलूप आणि दाराची चौकट दोन्ही जागेवर असतील, तर हरवलेल्या किल्लीचा आकार बराचसा सांगता येतो. म्हणून मी बॉडीपासून सुरुवात केली.

शाफ्टमधील व्हॉल्व्ह बंद करून मुठीच्या जागी बसवलेला पांढरा प्लास्टिकचा प्लग काढला. घरातील बाकीचे नळ चालू राहावेत म्हणून प्लंबरदादांनी तात्पुरते दोन प्लग लावले होते, एक बॉडीच्या तोंडात आणि दुसरा शॉवरच्या आर्मच्या जागी. ही जोडी फार उपयोगाची ठरली, कारण शॉवरची आर्म ज्या आट्यांत बसते ते आटे आपल्याकडे सर्रास अर्धा इंची बीएसपी, म्हणजे पाइपच्या आट्यांच्या ब्रिटिश मानकाचे, असतात, आणि बॉडीतून निघालेला प्लग त्याच मापाचा होता. म्हणजे बॉडीचे तोंडही अर्धा इंची असावे, असा पहिला अंदाज बांधता येत होता. मात्र बॉडीतील प्लगवर टेफ्लॉन टेपचा जाड थर होता. टेपच्या जोरावर आणि प्लास्टिक मऊ असल्यामुळे न जुळणाऱ्या आट्यांतही असा प्लग दोन-तीन फेरे दामटता येतो, म्हणून या पुराव्यावर विसंबणे योग्य नव्हते.

टेप पूर्ण काढून तोच प्लग हाताने फिरवून पाहिला. तो अडखळल्याशिवाय बऱ्याच फेऱ्यांपर्यंत आत गेला आणि बाजूला हलवल्यास फारसा डुगडुगला नाही. अंदाज बळावला, पण अजून मोजमाप व्हायचे होते.

इथे पाइपच्या आट्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण मजकुरातील "पाऊण इंची" हा शब्द त्याशिवाय उलगडत नाही. अर्धा इंची बीएसपी आट्याचा बाहेरचा व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, नसतो. तो जवळपास २१ मिलिमीटर असतो, नेमका २०.९५५. पाऊण इंचीचा २६.४४१ असतो. पाइपचे माप पूर्वी आतल्या पोकळीवरून ठरत असे आणि जुन्या लोखंडी पाइपची भिंत जाड असे. त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पाडलेल्या आट्यांना आतल्या पोकळीचे नाव चिकटले, ते आजही कायम आहे. त्यामुळे पट्टीने मोजून "हा पाऊण इंचापेक्षा थोडा मोठा दिसतो, म्हणजे पाऊण इंची असणार" असे म्हटल्यास निष्कर्ष चुकतो. पट्टीवर पाऊण इंचाहून किंचित मोठा भरणारा आटा खरे तर अर्धा इंची असतो.

बॉडीचे आटे आतल्या बाजूला असल्याने कॅलिपरच्या आतील जबड्यांनी बाहेरचा व्यास मिळत नाही. समोरासमोरच्या आट्यांच्या माथ्यांमधले अंतर तेवढे मिळते, आणि ते बाहेरच्या व्यासापेक्षा कमी असते. अर्धा इंची बीएसपीच्या आतल्या आट्यांत हे अंतर किमान १८.६३ आणि कमाल साधारण १९.१७ असते, तर पाऊण इंचीत ते २४.१ च्या पुढेच असते. कॅलिपर वेगवेगळ्या दिशांनी धरून पाहिले, माप १८.९ च्या आसपास आले. पाऊण इंचीचा प्रश्न तिथेच मिटला. मजकुरातील "पाऊण इंची" हे भिंतीतल्या पाइपचे माप होते, कारण कन्सील्ड कॉक दुकानात पाइपच्या मापानेच मागतात. प्लंबरदादांचे शब्द बरोबरच होते, ते पार्टच्या आट्यांबद्दल नव्हते इतकेच.

पण १८.९ या आकड्याने आणखी एक शक्यता उघडली. काही बनावटींचे स्पिंडल मेट्रिक आट्यांचे असतात, आणि २० मिलिमीटर व्यासाच्या, १ मिलिमीटर पिचच्या बारीक मेट्रिक आट्यात हेच आतले अंतर १८.९२ पासून सुरू होते. म्हणजे केवळ व्यासावरून दोघांत फरक करता येत नाही. फरक आहे तो पिचमध्ये, म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतरात. अर्धा इंची बीएसपीला एका इंचात १४ आटे असतात, म्हणजे पिच १.८१४ मिलिमीटर. त्या मेट्रिक आट्याचा पिच १ मिलिमीटर, म्हणजे जवळपास निम्मा. प्लग सहज आत गेला यावरून बीएसपीकडे कल झुकत होता, तरी प्लास्टिकच्या साक्षीवर पितळी पार्ट विकत घ्यावा असे मला वाटेना.

बाहेरचे आटे असते तर पिच गेजची पाते लावून क्षणात कळले असते. भिंतीत खोल बसलेल्या, बोटभर रुंद तोंडाच्या आतल्या आट्यांना ते पाते नीट लागत नाही. म्हणून ठसा घ्यायचा ठरवले. भाच्याच्या खेळण्यातल्या मातीची करंगळीएवढी वळी केली, तिला खोबरेल तेलाचा हात लावला, बॉडीच्या तोंडात एका बाजूला ठेवून आतून बोटाने आट्यांवर दाबली आणि न फिरवता सरळ भिंतीपासून आतल्या बाजूला सोडवून बाहेर काढली. फिरवली तर ठसा पुसतो, आणि तेल लावले नाही तर मातीचे कण आट्यांत अडकून बसतात आणि पुढे नवा पार्ट बसताना त्रास देतात. मातीवर उठलेल्या रेघा स्पष्ट होत्या. पहिल्या रेघेपासून पाचव्या रेघेपर्यंत, म्हणजे चार पिचचे अंतर, कॅलिपरने माती न दाबता मोजले तर ते ७.२ च्या जवळ भरले. बीएसपीसाठी ते ७.२६ यायला हवे आणि त्या मेट्रिक आट्यासाठी बरोबर ४. एकच पिच मोजला असता तर मातीच्या थोड्याशा ओढीनेही शंका राहिली असती, पण चार पिच एकत्र मोजल्यावर दोन शक्यतांमधला फरक तीन मिलिमीटरहून जास्त होतो, आणि तो ठशातल्या कुठल्याही चुकीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

एक गोष्ट अजून ठरवायची होती, आटे सरळ आहेत की निमुळते. या पार्टमध्ये पाणी आट्यांवर अडत नाही, खांद्याखालच्या ओ-रिंगवर अडते, त्यामुळे आटे सरळच असायला हवेत. आपल्याकडे पाइपच्या आट्यांसाठी दोन वेगळी मानके आहेत ती याच कारणाने: आट्यांवरच घट्ट बसणाऱ्या जोडांसाठी आयएस ५५४ आणि आट्यांनी फक्त पकडायचे, पाणी वॉशरने अडवायचे, अशा जोडांसाठी आयएस २६४३. कॅलिपरचे माप तोंडाशी आणि आत सारखेच आले, म्हणून हा प्रश्न लवकर सुटला.

यानंतर मुठीकडे वळले. मुठीच्या पोटात स्पिंडलचे दाते ज्यात बसतात ते खोबण असते. एका दातावर मार्करचा ठिपका देऊन सुईने एकेक दाता मोजत गेल्यावर २० भरले. ही संख्या मजकुराशी जुळली, आणि ती पुन्हा मोजण्याचे कारण असे की बाजारात २० आणि २४ दात्यांचे स्पिंडल जवळपास सारख्याच जाडीचे मिळतात. डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत. २४ दात्यांच्या स्पिंडलवर २० दात्यांची मूठ जोराने दाबून बसवता येते, पण मुठीचे प्लास्टिक खोबण कापले जाते आणि थोड्याच दिवसांत मूठ नुसती फिरू लागते. मुठीसोबत तिचा स्क्रूही जपून ठेवलेला होता. त्याचा व्यास ३.९ आणि दहा आट्यांचे अंतर ७ मिलिमीटर, म्हणजे तो चार नंबरचा मेट्रिक स्क्रू होता. नव्या स्पिंडलच्या डोक्यात याच स्क्रूचे भोक असायला हवे.

आता राहिली ती "उंची ५२", आणि माझ्या मते सगळ्या तपासातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा होता, कारण आटे आणि दाते चुकले तर पार्ट बसतच नाही आणि चूक दुकानातच कळते. उंची चुकली तर पार्ट बसतो, पैसे दिले जातात आणि मग गळतो. अशा पार्टला एक उंची नसते, दोन असतात. पार्टला मध्ये एक खांदा असतो, जो बॉडीच्या तोंडावर टेकतो. खांद्याच्या वरचा भाग मुठीपर्यंत पोहोचतो आणि खालचा भाग बॉडीच्या तळातील बैठकीपर्यंत, जिथे त्याचे रबरी सील दाबून बसते.

खालचे माप थेट घेता आले. कॅलिपरच्या शेपटाकडून निघणारी सळई बॉडीच्या तोंडापासून बैठकीपर्यंत टेकवली, तर खोली २१.४ आली. बैठकीच्या कडेवर क्षाराचा पातळ थर होता, तो कापडाने आणि लाकडी काडीने काढून पुन्हा मोजले. लोखंडी हत्याराने तिथे खरवडू नये, कारण बैठकीवर ओरखडा पडला तर पुढे कितीही चांगले सील आणले तरी पाणी झिरपत राहते.

वरचे माप मुठीवरून काढावे लागले. बॉडीचे तोंड टाइलच्या पृष्ठभागापासून २७ मिलिमीटर आत होते. टाइलवर फ्लँज ठेवल्यावर तिची मध्यभागाची जाडी ६ भरली. मूठ फ्लँजला घासू नये म्हणून मध्ये २ मिलिमीटर मोकळे सोडावे लागतात. फ्लँजवर जुन्या मुठीच्या सावलीसारखे डाग होते, त्यांवरूनही तेवढेच अंतर दिसत होते. म्हणजे मुठीची खालची कड बॉडीच्या तोंडापासून ३५ मिलिमीटर वर येते. मुठीच्या आत खालच्या कडेपासून स्पिंडलचा माथा जिथे टेकतो तिथपर्यंतची खोली १७ होती. पस्तीस आणि सतरा मिळून बावन्न. मजकुरातील ५२ हे खांद्यापासून वरच्या टोकापर्यंतचे माप होते.

ही बेरीज जुळली म्हणून समाधान मानण्याआधी उलट बाजूनेही तपासले. समजा ५२ ही संपूर्ण पार्टची लांबी असती, तर त्यातून खालचे २१.४ वजा जाता खांद्याच्या वर ३०.६ उरले असते. मूठ तर ३५ वर सुरू होते. तसा स्पिंडल मुठीपर्यंत पोहोचलाच नसता. दुकानात नुसते "५२ चा द्या" म्हटले असते तर एकूण ५२ लांबीचाच पार्ट समोर आला असता, कारण दुकानदार साहजिकच पूर्ण लांबी धरतो. एकूण लांबी आमच्या बाबतीत त्र्याहत्तरच्या पुढे हवी होती.

फिरण्याची दिशा हा शेवटचा मुद्दा, आणि तो मापांतून निघत नाही. पाव फेऱ्याचे सिरॅमिक कार्ट्रिज उजवीकडे फिरवून बंद होणारे आणि डावीकडे फिरवून बंद होणारे, अशा दोन्ही प्रकारांत मिळते, आणि बाहेरून दोन्ही एकसारखे दिसतात. आईला विचारले तर तिने हवेतच हात फिरवून दाखवला, घड्याळाच्या दिशेने. वर्षानुवर्षांच्या सवयीचा हात होता, त्यावर मी विश्वास ठेवला.

हे सगळे एका कागदावर मूळ आकारात रेखाटले: खांद्याची आडवी रेघ, तिच्यावर ५२, खाली २१.४, आट्यांची जागा, दाते, स्क्रू, दिशा. कागद, मूठ, स्क्रू आणि कॅलिपर घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दुकानातल्या काकांनी पहिल्यांदा विचारले, "ताई, सॅम्पल कुठंय? फोटो तरी दाखवा." दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, मूठ उलटी करून दाते पाहिले आणि म्हणाले, "खांद्यापासून माप आणलंय, मग बघता येईल." त्यांनी एक अर्धा इंची पितळी सॉकेट काउंटरवर ठेवले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतून स्पिंडल काढून एकेक त्यात फिरवू लागले. जो हाताने शेवटपर्यंत गेला नाही तो परत खोक्यात.

सॉकेटमधून पार पडलेल्यांपैकी एक स्पिंडल पहिल्या नजरेत हुबेहूब वाटला, पण त्याचे दाते मोजले तर २४ निघाले. दुसऱ्याची मूठ नीट बसली, खांद्यावरची उंचीही बरोबर होती, मात्र खांद्याखालचा भाग सीलसकट १९ मिलिमीटरच होता. काका म्हणाले, "खाली जाड वॉशर टाकला की काम होईल." मी नको म्हटले. सील बैठकीवर दाबले जाण्यासाठी मोकळ्या अवस्थेत ते बैठकीच्या खोलीपेक्षा थोडे खाली उतरायला हवे, आणि अडीच मिलिमीटरची तूट सैल वॉशरने भरली तर तो वॉशर पाण्याच्या दाबाने सरकतो. तिसऱ्या स्पिंडलचा खालचा भाग सीलसकट २२.३ होता, म्हणजे दाबल्यावर एक मिलिमीटरहून थोडे कमी चेपणार; वरची उंची ५२.५, दाते २०, स्क्रू चार नंबरचा. काकांनी मूठ लावून फिरवली, तळाच्या भोकातून उजेडाकडे पाहिले, आणि घड्याळाच्या दिशेने वळवताच भोक बंद होते हे मलाही दाखवले. हा घेतला.

बसवताना प्लंबरदादा सोबत होते. त्यांनी स्पिंडल उघड्या स्थितीत ठेवूनच आत फिरवला, कारण बंद स्थितीत घट्ट केल्यास सिरॅमिकच्या चकत्यांवर आणि सीलवर वेडावाकडा दाब येतो. ओ-रिंगला थोडे सिलिकॉन ग्रीस लावले, टेफ्लॉन टेप मुद्दाम लावली नाही. टाइलच्या भोकातून बॉक्स पाना आत जातो की नाही ही एकच धास्ती होती, कारण पान्याच्या भिंतीलाही जागा लागते. तो कसाबसा गेला.

मग व्हॉल्व्ह उघडून दोन जागा पाहिल्या. कॉक बंद असताना शॉवरच्या तोंडातून थेंब आले असते, तर खालचे सील बैठकीवर पुरते दाबले गेले नाही असे कळले असते. स्पिंडलच्या मानेभोवती, टाइलच्या भोकाच्या आत ओल दिसली असती, तर त्याचा अर्थ खांदा बॉडीवर टेकण्याआधीच खालचा भाग बैठकीवर अडला, म्हणजे पार्ट लांब पडला. पहिल्यात पार्ट आखूड, दुसऱ्यात लांब, आणि या दोन्ही दोषांत पाना आणखी आवळल्याने काही साधत नाही, उलट बॉडीचे आटे सैल होतात. म्हणून मानेभोवती कागदी रुमालाची पट्टी गुंडाळून, फ्लँज न लावता कॉक रात्रभर दाबाखाली बंद ठेवला. सकाळी पट्टी कोरडी होती आणि शॉवरखालची बादलीही. त्यानंतर फ्लँज चढवली, मूठ लावली, आणि प्लंबरदादांनी त्यांच्या नव्या फोनमध्ये फोटोशिवायही वाचता येईल अशी नोंद केली: अर्धा इंची बीएसपी सरळ आटा, खांद्यावर ५२, खांद्याखाली सीलसकट २२, दाते २०, स्क्रू चार नंबर, उजवीकडे बंद.